‘पाणी टाकत नाही’ या एका ओळीबद्दल

★ “इन्व्हर्टरची बॅटरी वॉरंटीत असताना ३५० रुपये घेतले. फोनवरच्या मुलीनं मनानंच लिहिलं की मी पाणी टाकत नाही. वॉरंटी द्यायला नको म्हणून हे लोक मुद्दाम असलं लिहून ठेवतात. आई आजारी, चार दिवस लाईट गेली की अंधार. सांगलीकरांनो, इथं जाऊ नका.”

नमस्कार साहेब. तुम्हाला आणि आईंना त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. ३५० रुपये तुमच्या खात्यावर परत पाठवलेत. सोमवारी बॅटरी बदलून दिली तेही तुम्ही लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं, पण असू दे.

‘मुद्दाम’ हा शब्द मात्र मला सहन होत नाही. तुमची तक्रार वाचल्यावर मी त्या गुरुवारचं रेकॉर्डिंग स्वतः तीन वेळा ऐकलं. आमच्या मुलीनं विचारलं, “सर, बॅटरीत पाणी कधी टाकलं होतं?” तुम्ही म्हणालात, “अजून टाकलंच नाही. लागलंच नाही, तरंगते वरच आहेत.” तेवढ्यात मागून आईंनी हाक मारली, तुम्ही “आलो आलो” म्हणालात आणि फोन ठेवलात. तिनं लिहिलं: ‘ग्राहक पाणी टाकत नाही.’

‘टाकलं नाही’चं ‘टाकत नाही’ झालं आणि तरंगत्यांचं वाक्य राहूनच गेलं. तरंगते वर म्हणजे आत पाणी पुरेसं. चूक आमची आहे, ती मी झाकत नाही. पण ती कशी झाली हे सांगू द्या. फोन संपला की पुढचा फोन वाजायच्या आत तिच्याकडे ४० सेकंद असतात. त्यात नाव तपासायचं, पत्ता तपासायचा, एका ओळीचा रिमार्क लिहायचा आणि तक्रारीचं कारण यादीतून निवडायचं. कारण निवडल्याशिवाय तक्रार सेव्हच होत नाही. त्या यादीत ‘तपासून ठरवणे’ असं कारण नव्हतं. ‘चार्ज होत नाही’, ‘बॅकअप कमी’, ‘देखभाल नाही’ अशी ठरावीक सात-आठ कारणं. आपणच लिहिलेली ओळ समोर बघून तिनं ‘देखभाल नाही’ निवडलं.

तिथून पुढं माणसाचा हात कमी आणि त्या ओळीचा जास्त. ‘देखभाल नाही’ म्हटलं की तक्रार आपोआप वॉरंटीबाहेर जाते आणि व्हिजिटचे ३५० लागतात. वॉरंटीतल्या ग्राहकाला आम्ही दुरुस्ती होईपर्यंत स्टँडबाय बॅटरी देतो. तुमच्या तिकिटावर तो पर्यायच उघडला नाही. दुकानात त्या दिवशी दोन स्टँडबाय बॅटऱ्या चार्ज होऊन पडल्या होत्या, आणि तुमच्या घरी आई अंधारात. हे मला रविवारी रात्री कळलं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

शुक्रवारी आमचा टेक्निशियन आला तो मोबाईलवर तीच ओळ वाचून आला. त्यानं मीटर लावला, १०.५ व्होल्ट आले. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण दोन व्होल्टचे. चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. म्हणजे एक सेल गेला, एवढं त्या आकड्यावरून कळायला हवं होतं. पण डोक्यात ‘पाणी टाकत नाही’ असल्यामुळं त्यानं झाकणं उघडलीच नाहीत. ‘पाण्याअभावी खराब’ लिहून पावती फाडली. त्याला मी बोललोय, त्यात आणखी काही सांगत नाही.

सोमवारी मी स्वतः सेलमधल्या ॲसिडची घनता मोजायचा हायड्रोमीटर घेऊन आलो, तुम्ही शेजारीच उभे होतात. सहाही तरंगते वर होते. पाच सेलचं रीडिंग बाराशे वीस ते बाराशे तीस. तिसऱ्या सेलला अकराशे वीस. पाणी कमी पडून बॅटरी गेली तर प्लेटा उघड्या पडतात, त्यांच्यावर पांढुरकं चढतं, आणि एकाच सेलवर ते सहसा थांबत नाही. इथं पाणी पुरेसं, पाच सेल ठणठणीत, एकच बसलेला. तो आतला दोष, वॉरंटीत बसणारा. म्हणून तिथं उभ्या उभ्याच कंपनीला क्लेम टाकला आणि बॅटरी बदलली.

आता ‘वॉरंटी द्यायला नको म्हणून’ याबद्दल. साहेब, बदलीची बॅटरी माझ्या खिशातून जात नाही, ती कंपनी देते. खराब बॅटरी आम्ही रीडिंगच्या कागदासकट परत पाठवतो. तुमचा क्लेम नाकारून माझा एक रुपया वाचत नाही, उलट गिऱ्हाईक जातं. आणि ती मुलगी तर पगारावर आहे, वॉरंटी नाकारली म्हणून तिला कुणी बक्षीस देत नाही. उन्हाळ्यात लाईट जायला लागली की ती दिवसाला साठ-सत्तर फोन घेते. सांगली, मिरज, तासगाव, पलूस, सगळीकडचे. निम्मे लोक पहिलं वाक्यच ओरडून बोलतात. तुमची तक्रार तिनं माझ्या आधी वाचली. दुसऱ्या दिवशी ती हेडफोन न लावता दहा मिनिटं नुसती बसून होती.

शनिवारच्या फोनबद्दलही सांगतो. त्या दिवशी दुसरी मुलगी होती. तिच्या स्क्रीनवर तुमच्या नावाखाली पहिली ती ओळच दिसली, म्हणून तिनं “सर, तुम्ही पाणी टाकत नाही ना?” असंच सुरू केलं. तुम्ही तिला जे बोललात ते रेकॉर्डिंगमध्ये आहे, इथं लिहीत नाही. पण न केलेल्या गोष्टीचा जाब आधीच विचारला तर माझंही डोकं फिरलं असतं, हे मान्य करतो.

आमच्या वडिलांच्या काळात रजिस्टर होतं. एकेका गिऱ्हाइकाबद्दल ते अर्धं पान लिहायचे, बॅटरी जिन्याखाली आहे की गॅलरीत, इथपर्यंत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती चौकात पाणी शिरलं तेव्हा ती सगळी रजिस्टरं गेली. लगदा झाला होता, पानं सुटीसुद्धा करता आली नाहीत. मग हे सॉफ्टवेअर घेतलं. त्यात लिहायला एकच ओळ मिळते, ही गोष्ट घेताना मला खटकायला हवी होती.

यादीत ‘तपासून ठरवणे’ टाकायला सांगितलंय, आणि ग्राहकाचे शब्द त्याच्याच तोंडचे लिहायचे असं मुलींना सांगितलंय. बाकीचंही बघतोय.

एक स्टार राहू दे, तो तुमचा हक्क आहे. ‘मुद्दाम’ एवढा शब्द काढता आला तर बघा, त्या मुलीसाठी मागतोय.

नव्या बॅटरीचं कार्ड शिक्का मारून काउंटरवर ठेवलंय. वॉरंटी जुन्याच खरेदीच्या तारखेपासून मोजली जाईल, कंपनीचा नियम आहे, नंतर गैरसमज नको म्हणून आत्ताच सांगतो. तुमचं येणं होणार नसेल तर मी कुपवाडकडं येतोच आहे, आणून देतो. आईंना नमस्कार सांगा.