शिफ्टचं पत्रक ज्याच्या हातात असतं

“ऑफिसमधल्या प्रेमाला नावं ठेवणाऱ्यांनो, दोघंही सज्ञान आहेत ना? मग विषय संपला. साहेब झाला म्हणून त्याला मन नसतं का? प्रेम हुद्दा बघून होत नाही. तिने कधी ‘नाही’ म्हटलं नाही, म्हणजे संमतीच होती. ड्युटी संपल्यावर कोण कोणाबरोबर फिरतं, याच्याशी कंपनीला काय घेणं? आणि तक्रारच नाही, तर त्रास कसला?”

हा मेसेज मला गेल्या आठवड्यात तीन ग्रुपवर आला. त्यातला एक ग्रुप नाशिकमधल्याच लाइन लीडर आणि सुपरवायझर मंडळींचा आहे, म्हणून उत्तर लिहायला बसले. मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे आणि तिथल्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीची सदस्य आहे. समितीपुढे आलेलं काहीही बाहेर सांगायला कायद्याने मनाई आहे, ते मी सांगणार नाही. सांगणार आहे ते माझं स्वतःचं.

सज्ञान असण्याचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. परचेसमधला मुलगा आणि अकाउंट्समधली मुलगी, दोघांचे साहेब वेगळे, कोणाची रजा कोणाच्या सहीवर अडलेली नाही. त्यांचं जमलं तर आनंदच आहे. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा प्रेमाला बंदी घालत नाही. समोरच्या स्त्रीला नकोसं असलेलं वागणं तो रोखतो. आमच्याकडे अशी दोन लग्नं झाली आणि दोन्हींच्या पंगतीत मी जेवले आहे.

पण हुद्दा आला की हिशोब बदलतो. २०११ साली मी डिप्लोमा करून अंबडच्या एका कारखान्यात ट्रेनी लागले. फायनल इन्स्पेक्शनचं टेबल, हातात गो-नोगो गेज आणि समोर पार्टचे क्रेट. आमचे सुपरवायझर तिशीच्या आतले, अविवाहित, कामात हुशार. मायक्रोमीटर नीट धरायला मला त्यांनीच शिकवलं. वाईट माणूस नव्हते, हे आधीच लिहून ठेवते, कारण वाईट माणूस असता तर ही गोष्ट सोपी झाली असती.

दर महिन्याच्या २५ तारखेला पंचिंग मशीनशेजारी पुढच्या महिन्याच्या शिफ्टचं पत्रक लागायचं. ते सर बनवायचे. मी सिन्नरहून ये-जा करायचे. फर्स्ट शिफ्ट लागली की पहाटेच्या काळोखात एसटी पकडायची, जनरल लागली की दोन तास जास्त झोप. आमच्या टेबलावर जनरलची जागा एकच होती. शिवाय दर तीन महिन्यांनी ट्रेनी रिपोर्ट जायचा, तोही सरांच्या सहीने. वर्ष भरल्यावर परमनंट करायचं की सोडून द्यायचं, हे त्या चार रिपोर्टवर ठरणार होतं.

सलग तीन महिने मला जनरल लागली. मग सरांनी चहाला विचारलं, मग रविवारी मिसळ खायला, मग सोमेश्वरला. मी प्रत्येक वेळी “चालेल सर” म्हणाले. त्या “चालेल”मध्ये काय होतं ते नीट सांगते. थोडी भीड होती. थोडं बरंही वाटत होतं, कारण इतक्या आपुलकीने कोणी शिकवलं नव्हतं. आणि मार्चमध्ये जाणारा रिपोर्टही होता. यातलं किती कशामुळे होतं, हे मला तेव्हा वेगळं करून सांगता आलं नसतं. मग ते सरांना कसं कळणार? संमती खरी की नाही हे तपासायला “नाही” म्हणण्याची मोकळीक लागते, आणि ती मला आहे की नाही हे आम्हा दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

सोमेश्वरला त्यांनी लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, “घरी विचारावं लागेल.” पुढच्या रविवारी बहिणीचं निमित्त सांगितलं, त्याच्या पुढच्या रविवारी फोन उचलला नाही. २५ तारखेला पत्रक लागलं, तर मला फर्स्ट शिफ्ट. नंतरच्या महिन्यातही फर्स्ट. ते नेहमीचं रोटेशन होतं की राग, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित खरंच रोटेशन असेल. पण मी मात्र रोज पहाटे एसटीत बसून स्वतःला एकच विचारत होते, आपण फोन उचलायला हवा होता का?

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. माझ्याच टेबलावर एक ताई होत्या, त्यांचा मुलगा बालवाडीत होता. त्या चार महिने जनरल शिफ्ट मागत होत्या. ती एकच जागा माझ्याकडे होती. मी मागितली नव्हती, पण होती. कायद्यात छळाला जोडून येणाऱ्या परिस्थितींची यादी आहे. त्यात धमकीच्याही आधी नोकरीत झुकतं माप देण्याचं उघड किंवा आडून दिलेलं आश्वासन येतं. तसं आश्वासन सरांनी मला कधी दिलं नाही. पण पत्रक वाचणाऱ्या सगळ्या टेबलाने ते वाचलं होतं.

आता “नाही” या शब्दाबद्दल. आपल्याकडे वरच्या माणसाला सरळ “नाही” म्हणायची रीत आहे कुठे? “बघते सर.” “आज नको, पुढच्या वेळी.” “घरी पाहुणे आहेत.” “मैत्रिणीला पण आणू का?” शॉप फ्लोअरवरच्या मुली अजून एक करतात. ज्या सुपरवायझरला कालपर्यंत सर म्हणत होत्या, त्याला आजपासून “दादा” म्हणू लागतात. हे सगळे नकारच आहेत. दोनदा निमित्त ऐकू आलं की उत्तर मिळालं असं धरायचं आणि तिसऱ्यांदा विचारायचं नाही. खरंच पाहुणे असतील आणि तिला यायचं असेल, तर दुसरा दिवस ती स्वतः सुचवेल.

काही वर्षांनी पंचवटीत एका लग्नात सर भेटले. सोबत वहिनी होत्या, मुलगी होती. बाजूला होऊन म्हणाले, “तू तेव्हा स्पष्ट सांगितलं असतंस तर मी परत विचारलंही नसतं.” माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मी एवढंच म्हटलं, “सर, माझा रिपोर्ट तुमच्याकडे होता.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांनी काय करायला हवं होतं? मन गुंतलं यात त्यांचा दोष नव्हता. विचारण्याआधी सही हातातून सोडायला हवी होती. एचआरला किंवा प्लांट हेडला दोन ओळींचं पत्र पुरतं: अमुक व्यक्तीबाबत माझा निर्णय निःपक्ष राहील याची खात्री नाही, तिचा रिपोर्ट, रजा, शिफ्ट आणि ओव्हरटाइम दुसऱ्या कोणाकडे द्यावा. मनातलं सगळं लिहायची गरज नाही. बदल करायचाच तर वरच्याने आपली जागा बदलायची. बहुतेक ठिकाणी ट्रेनी मुलीला दुसऱ्या डिपार्टमेंटला टाकून मोकळे होतात आणि तिचं शिकणं अर्ध्यावर तुटतं. हे झाल्यावर एकदा विचारावं, कंपनीच्या आवाराबाहेर, आणि तिला घरी परतायला आपल्याच गाडीची गरज पडणार नाही अशा ठिकाणी. ट्रेनिंगचं वर्ष संपेपर्यंत थांबता आलं तर त्याहून बरं. हातातली सही सोडणं शक्यच नसेल, तर विचारूच नये. होकार मिळाला तरी सही परत घ्यायची नाही, कारण जमलेलं मोडतंही, आणि मोडल्यानंतरच्या २५ तारखेलाही पत्रक लागतंच. साहेब बाई असेल आणि हाताखाली मुलगा, तरी हिशोब हाच. फरक एवढाच की हा कायदा तक्रारीचा हक्क फक्त स्त्रीला देतो. पुरुषाला कंपनीच्या स्वतःच्या नियमांकडे जावं लागतं.

ड्युटी संपल्यानंतरचं म्हणाल, तर कायद्यातलं कामाचं ठिकाण गेटपाशी संपत नाही. कामानिमित्त गेलेली कोणतीही जागा आणि कंपनीने दिलेली गाडी त्यात येते. म्हणजे अंबडहून सुटलेली कंपनीची बस आली, पुण्याच्या कस्टमर ऑडिटसाठी घेतलेलं हॉटेलही आलं. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निर्यात परिषदेच्या अधिकाऱ्याची बडतर्फी कायम केली. घटना १९८८ ची, दिल्लीतल्या हॉटेलात घडलेली. डिक्टेशनचं शिक्षण नसलेल्या टायपिस्टला त्याने डिक्टेशन घ्यायला म्हणून तिथे नेलं होतं. प्रत्यक्ष शारीरिक स्पर्श सिद्ध झाला नाही, म्हणून उच्च न्यायालयाने त्याला कामावर परत घ्यायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कामाचं निमित्त वरिष्ठाच्या हातात असतं, हे त्या प्रकरणात लख्ख दिसतं. रात्री अकराला “उद्याच्या डिस्पॅचचं काय?” असा मेसेज टाकून मग “जेवलीस का?” विचारणं याच जातीचं आहे. पहिल्याला उत्तर देणं तिला भाग असतं, म्हणून दुसऱ्यालाही ती उत्तर देते.

बाकीच्या आम्हा लोकांसाठीही एक गोष्ट सांगते. कँटीनमध्ये जोड्या जुळवणं बंद करा. “तुझे सर आले बघ” असं माझ्या टेबलावर रोज चालायचं. त्यामुळे सरांना वाटलं की सगळ्यांना माहीत आहे म्हणजे जमलंच, आणि मला वाटलं आता नाही म्हटलं तर हसं होईल.

राहिली तक्रार. २०११ मध्ये मी ती केली नाही, कारण कोणाकडे करायची हेच ठाऊक नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ चा, अशा तक्रारींसाठी समिती हवी असं त्यात स्पष्ट होतं, पण आमच्या नोटीस बोर्डावर सुरक्षा सप्ताहाच्या पोस्टरशिवाय काही नव्हतं. आज दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती सक्तीची आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री कर्मचारी असावी लागते, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा लागतो. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी अर्ज द्यायचा. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं समितीचं काम आहे. चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीने लेखी मागितलं, तर समिती दोघांपैकी एकाची बदली किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा सुचवू शकते, आणि समोरच्या माणसाला तिच्या कामाचा रिपोर्ट लिहिण्यापासून थांबवता येतं. नुसतं सिद्ध झालं नाही म्हणून तक्रार करणारीवर कारवाई होत नाही. त्यासाठी तिने जाणूनबुजून खोटं केल्याचं वेगळं सिद्ध व्हावं लागतं.

अर्जाच्या सहा प्रती लागतात. मेसेज पुसू नका, तारखा वहीत लिहा, आणि २५ तारखेला लागलेल्या पत्रकाचा दर महिन्याला एक फोटो काढून ठेवा.