प्लेट दगडावर टेकलेली दिसायला हवी

«ताई, तुमच्या लेखावर विसंबून अख्खी संध्याकाळ घालवली. बायको घरून कोथिंबीर वडीच्या ऑर्डरी घेते, फोटोचं काम माझ्याकडे. टेबलावरचा पसारा काढून संगमरवर लावला, तर प्लेट हवेत तरंगतेय. लाकूड लावून पाहिलं, ते भिंतीसारखं उभं दिसतं. आणि मुळात आमच्या घरात संगमरवर नाहीच. मग ही गिऱ्हाइकाची फसवणूक नाही का?»

दादा, फोटोतलं टेबल कापून त्या जागी संगमरवराचा किंवा लाकडाचा फोटो लावायचा, असा लेख मी आधी लिहिला होता. प्लेट तरंगली ती त्या लेखातल्या त्रुटीमुळे. पसारा कसा कापायचा ते मी सविस्तर लिहिलं, पण कापताना काय ठेवायचं ते लिहिलंच नाही. तुमचा फोटो मी पाहिलेला नाही. म्हणून काल सकाळी कोथिंबीर वड्या केल्या, पांढऱ्या चिनी मातीच्या प्लेटमध्ये मांडल्या आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा करून पाहिलं. त्यातून जे कळलं ते लिहिते.

प्लेट टेबलावर ठेवली की तिच्या बुडाशी एक बारीक, गडद सावली पडते. कड थोडी बाहेर आलेली असते, तिच्याखाली उजेड पोचत नाही. त्या काळ्या रेघेवरूनच आपला डोळा ठरवतो की वस्तू कशावर तरी टेकली आहे. तिच्यापुढे खिडकीच्या विरुद्ध बाजूला आणखी एक पसरट, फिकट सावली असते. आपोआप कटआउट करणारी बहुतेक अॅप प्लेटच्या कडेवरून कापतात आणि या दोन्ही सावल्या टेबलासकट फेकून देतात. मग खाली कितीही सुंदर दगड लावा, प्लेट त्याच्यावर चिकटवलेल्या स्टिकरसारखीच दिसणार.

यावर मला पटलेला उपाय म्हणजे सावली काढायची नाही, ती फोटोबरोबर आणायची. त्यासाठी तयारी फोटो काढतानाच करावी लागते. टेबलावरचा पसारा बाजूला सारून फुलाफुलांच्या मेणकापडावर पांढराशुभ्र मोठा कार्डशीट अंथरायचा. चौकटीच्या चारही कडा कागदानेच भरल्या पाहिजेत. खिडकी एका बाजूला ठेवायची, घरातली ट्यूब बंद करायची आणि त्या कागदावर वड्यांची प्लेट ठेवून फोटो काढायचा. आता फोटोत तीनच गोष्टी उरतात: वड्या, प्लेट आणि पांढऱ्यावर पडलेली खरी सावली.

पुढचं काम मी संगणकावर GIMP या फोटो जोडण्या-सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये करते, तो फुकट मिळतो. सगळ्यात खाली संगमरवराचा फोटो. त्याच्यावर वड्यांचा फोटो, आणि त्या लेयरचा, म्हणजे थराचा, `Mode` बदलून `Multiply` करायचा. या मोडमध्ये पांढरं ते नाहीसं होतं आणि गडद ते खालच्या थरावर उमटतं. म्हणजे कागद निघून जातो आणि सावली दगडावर पडते. पण प्लेटही पांढरी असल्यामुळे तिच्यातून दगडाच्या शिरा दिसायला लागतात. म्हणून त्याच फोटोची आणखी एक प्रत सगळ्यात वर, `Normal` मोडमध्ये ठेवायची. तिला `Black (full transparency)` असा मास्क लावायचा, म्हणजे ती प्रत अख्खी झाकली जाते, आणि फक्त प्लेट आणि वड्यांवर पांढऱ्या ब्रशने रंगवत जायचं, म्हणजे तेवढाच भाग पुन्हा दिसतो. ब्रश कडेच्या किंचित आतच थांबवा. बाहेर गेला तर प्लेटभोवती कागदाची पांढरी कड दिसते, आणि अशी कड दिसली की फोटो जोडलेला आहे हे कुणीही ओळखतो.

कागद कॅमेऱ्यात पूर्ण पांढरा येत नाही, करडाच येतो. तो तसाच राहिला तर अख्खा संगमरवर मळकट दिसतो. मधल्या थरावर `Colors > Levels` उघडून उजवीकडचा पांढरा त्रिकोण डावीकडे सरकवा, कागद जेमतेम पांढरा होईपर्यंतच. सारखं लक्ष फिकट सावलीवर ठेवा. ती विरायला लागली की तुम्ही पुढे गेलात, थोडं मागे या.

आता भिंतीसारख्या उभ्या लाकडाकडे येते. तो प्रश्न कोनाचा आहे. कुठून तरी उतरवलेले लाकडाचे किंवा दगडाचे फोटो जवळजवळ नेहमी समोरून सपाट काढलेले असतात. तुमचा वड्यांचा फोटो मात्र खुर्चीत बसलेल्या माणसाला दिसेल तसा तिरका असणार. गोल प्लेट तिरकी पाहिली की लंबगोल दिसते, आणि तो लंबगोलच कोन सांगतो. माझ्या फोटोत प्लेट 1800 पिक्सेल रुंद आणि 1200 पिक्सेल उंच आली, म्हणजे उंची रुंदीच्या दोन तृतीयांश. याचा अर्थ कॅमेरा टेबलाच्या पातळीपासून साधारण 42 अंश वरून पाहत होता. बरोबर डोक्यावरून पाहिलं असतं तर रुंदी आणि उंची सारखी आली असती, आणि तेव्हाच तो सपाट फोटो चालला असता.

मी गणित करत बसत नाही. माझ्या मावशीच्या जुन्या घरात पायऱ्यांना संगमरवर आहे. तीच रिकामी प्लेट मी त्या पायरीवर ठेवली आणि लंबगोल तसाच दोन तृतीयांश दिसेपर्यंत फोन वरखाली केला. अंतर आणि झूमही तेच ठेवलं. मग फोन डब्यांच्या चळतीला टेकवून स्थिर केला, प्लेट उचलली आणि नुसत्या दगडाचा फोटो घेतला. उजेड ज्या बाजूने वड्यांवर येतो त्याच बाजूने तिथेही येत होता, एवढं पाहून घेतलं. एकदा काढलेला हा फोटो मी त्या कोनातल्या सगळ्या पदार्थांना वापरते. दगड दुसऱ्याच्या घरात असला की टेबल बदलण्याचा हा खटाटोप परवडतो तो याचसाठी.

उतरवलेला फोटो वापरायचाच असेल तर आणखी एक चूक हमखास होते. माझी प्लेट 10 इंचांची आहे आणि 3000 पिक्सेल रुंद फोटोत तिने 1800 पिक्सेल घेतले. म्हणजे प्लेटच्या जागी चौकटीत जेमतेम 17 इंच रुंदीचा दगड दिसायला हवा. फरशीचे दुकानदार टाकतात तो फोटो बऱ्याचदा पाच-पाच फुटी लादीचा असतो. ती अख्खी लादी चौकटीत बसवली तर दगडाच्या शिरांच्या मानाने प्लेट पाच फुटांतली तीन फूट व्यापते. वडी उशीएवढी वाटू लागते, आणि काय चुकतंय ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही. लादीचा पाव भागापेक्षा थोडा जास्त तुकडाच कापून घ्यायला हवा. तो ताणल्यावर बऱ्याचदा धुरकट होतो, आणि धुरकट दगडावर खरपूस, स्पष्ट वडी हेही जुळत नाही. म्हणून मी स्वतः काढलेल्या फोटोकडेच वळले.

गडद लाकडाच्या बाबतीत मात्र माझं मत बदललं आहे. आधीच्या लेखात मी तेही सुचवलं होतं, तो भाग मी मागे घेते. गडद लाकडावर सावली उमटते पण दिसत नाही, म्हणजे प्लेट पुन्हा तरंगते. दुसरं कारण मला काल नीट कळलं. पांढरा कागद खालून उजेड परत फेकतो, त्यामुळे प्लेटची खालची कड उजळते. संगमरवरावर ते शोभतं, कारण तोही पांढराच. काळपट सागवानावर तीच कड आतून दिवा लावल्यासारखी चमकते. स्टीलच्या वाट्या आणि पितळेच्या ताटाचं तर त्याहून अवघड. त्यांच्या अंगात आजूबाजूचं सगळं उमटलेलं असतं. टेबल बदललं तरी वाटीच्या पोटात मेणकापडाची लाल फुलं तशीच राहतात. अशा भांड्यांसाठी टेबल फोटोत बदलू नका, खरंच बदला.

लाकूड बहुतेक मराठी घरांत असतंच, पंगतीचा पाट. पाट लहान पडला तर दोन पाट शेजारी लावा आणि मधली फट प्लेटखाली जाऊ द्या. पॉलिश चकाकत असेल तर खिडकीच्या मानाने फोनची जागा थोडी बदला, चकाकी कमी होते. फरशीच्या दुकानातली दोन फुटी मॅट फिनिशची एकच टाइल घेतली तरी संगमरवराचं काम होतं. चकचकीत घेऊ नका, तिच्यात खिडकी दिसते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मी बराच वेळ विचार केला. गिऱ्हाईक टेबल विकत घेत नाही, वड्या घेतं. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याचं 53 वं कलम दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड सांगतं. ते अन्नाच्या स्वरूपाबद्दल, घटकांबद्दल आणि दर्जाबद्दल आहे. पसाऱ्याच्या जागी दगड दाखवल्याने यातलं काहीच बदलत नाही. पण वडीचा हिरवा रंग वाढवला, आठ वड्या दाखवून डब्यात सहा दिल्या, किंवा लहान प्लेट वापरून वडी मोठी भासवली, तर ती फसवणूकच, मग टेबल खरं असो वा नसो. मी स्वतः दोन बंधनं पाळते. मास्कच्या आत, म्हणजे पदार्थावर, रंगाचा हात फिरवायचा नाही. आणि प्रत्येक पदार्थाचा एक फोटो ज्या डब्यात तो घरी पोचणार त्या डब्यातला, कुठल्याही बदलाविना. चित्रातून आमचं स्वयंपाकघर संगमरवरी आहे असा दावाही करायचा नाही. «आमच्या किचनमधून» असं लिहून त्याखाली बदललेलं टेबल दाखवलं तर तुमचा आक्षेप मला मान्य आहे.

वहिनींच्या जुन्या फोटोंचं काय, हेही तुमच्या मनात असेल. तिथे कागद नव्हता, सावली मेणकापडाच्या फुलांत मिसळून गेली आहे. ती हाताने रंगवावी लागेल. दगड आणि प्लेट यांच्या मध्ये एक रिकामा थर घ्या. मऊ ब्रशने प्लेटच्या बुडाशी बारीक रेघ ओढा, काळ्याऐवजी गडद तपकिरी रंगाची, आणि `Opacity` साधारण 50 वर आणा. दुसऱ्या थरावर पसरट सावली, 20 च्या आसपास. ती कुठल्या बाजूला पाडायची हे वड्याच सांगतील. वडीची जी बाजू अंधारी, त्याच बाजूला. एका फोटोला मला चाळीसेक मिनिटं लागली. पुढच्या ऑर्डरीच्या वड्या तळल्या जातील तेव्हा कार्डशीट अंथरून नवे फोटो काढणं मला तरी सोपं वाटतं. पहिला घाणा निघाला की लगेच काढा, वडी वाफ सोडून नरम पडायच्या आत.