टाकीकडे, मागे, टाकीकडे, टेकव

काल रात्रीपासून सोसायटीच्या ग्रुपवर १७ सेकंदांची एक क्लिप फिरते आहे. गणपतीच्या स्टेजवर अकरा जण नाचताहेत. दहा जण एका बाजूला जातात, एक जण दुसऱ्या. तो एक जण म्हणजे मी. क्लिपखाली हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या चेहऱ्यांची रांग आहे आणि त्यात पहिला चेहरा अध्यक्षांचा, ज्यांनी तालमीच्या पहिल्याच दिवशी गुडघा पुढे करून स्वतः अंग काढून घेतलं होतं.

मी चुकलो नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो. त्या नाचाची स्क्रिप्ट मीच लिहिली होती.

स्टेप तशी साधी. नाचवाले तिला 'ग्रेपव्हाइन' म्हणतात. सुरुवातीला 'पाच, सहा, सात, आठ' म्हणायचं, पण नाचायचं नाही. ते चार आकडे नुसते लय पकडण्यासाठी असतात. (हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी मी पाचलाच निघालो होतो.) मग एकला उजवा पाय बाजूला. दोनला डावा पाय उजव्याच्या मागून पलीकडे. तीनला उजवा पुन्हा बाजूला. चारला डावा पाय शेजारी आणून टेकवायचा. पाच ते आठ हेच सगळं उलट्या बाजूला.

गोम त्या चारमध्ये आहे. पाय टेकवायचा, त्याच्यावर उभं राहायचं नाही. भार टाकलात की तो पाय अडकला, आणि पाचला निघायचंय नेमकं त्याच पायाने. मग माणूस जागच्या जागी एक उडी मारून पाय बदलतो. आपलं चुकलंय हे ओळखायची हीच खूण : पाचला उडी बसली म्हणजे चारला भार पडला होता.

तालमीला सगळे येणार नाहीत, म्हणून चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी शिकवण्याचा व्हिडिओ करायचं ठरवलं. "भावोजी, तुम्ही लिहिता ना, मग बोलायचं तेवढं लिहून द्या." मी लिहिलं. वहिनी कॅमेऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, "उजवा" म्हणाल्या आणि उजवीकडे गेल्या. बघणाऱ्याला त्या डावीकडे जाताना दिसल्या. संध्याकाळी तालमीत दोन पक्ष पडले, कानाने शिकलेले आणि डोळ्याने शिकलेले, आणि ते मधोमध एकमेकांवर आदळले.

आरशासमोर ही भानगड होत नाही. क्लासमध्ये शिकवणारी बाई तुमच्याकडे पाठ करून भिंतीवरच्या आरशाकडे बघते, तिचा उजवा तोच तुमचा उजवा. आमच्या सोसायटीत आरसा फक्त लिफ्टमध्ये. मी आठवडाभर तळमजला ते सातवा असा सराव केला. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा मी 'मागून पलीकडे'मध्ये होतो. दार पुन्हा बंद झालं. आत कोणी आलं नाही.

तर वहिनींनी पुन्हा शूट केलं, आता तोंडाने "उजवा" आणि पाय डावा. म्हणजे बघणाऱ्याला बरोबर. इथे सी विंगमधले अण्णा उगवले.

अण्णा भूमापन खात्यातून निवृत्त. उभी हयात मोजणीत गेली, त्यामुळे बांध कुणाचा हे ठरल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. त्यांनी वहिनींचा फोन हातभर लांब धरून व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, "हा उलटा आहे."

"अण्णा, मुद्दामच उलटा केलाय."

"तसा नाही. पदर बघा. उजव्या खांद्यावर. म्हणजे एकतर वहिनी गुजराती झाल्या, नाहीतर फोनने चित्र फिरवलंय."

आणि म्हातारा बरोबर होता. सेल्फी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये चित्र आरशासारखं साठवायचं बटण असतं, ते वहिनींच्या चिरंजिवांनी चालू केलं होतं. म्हणजे वहिनींनी मुद्दाम उलटं केलेलं फोनने पुन्हा उलटं केलं आणि आम्ही पुन्हा पहिल्या जागी. व्हिडिओ सुलटा की उलटा हे पदरावरून किंवा टी-शर्टवरच्या अक्षरांवरून ओळखायचं, हे मी त्या दिवशी शिकलो, मोजणीदाराकडून.

मग अण्णांनी खुर्ची मागवली. "उजवं-डावं ही काय हद्द आहे का? माणूस वळला की हद्द बदलते. शेताची चतुःसीमा लिहिताना आम्ही लिहितो, पूर्वेस अमक्याची विहीर. विहीर हलते का? नाही. आपल्याकडे काय हलत नाही?"

वहिनी म्हणाल्या, "पाण्याची टाकी."

"आणि दुसरीकडे पार्किंग. लिहा!" हे मला. मी लिहिलं, "टाकीकडे, मागे, टाकीकडे, टेकव. पार्किंगकडे, मागे, पार्किंगकडे, टेकव." कोणी काही म्हणा, त्या संध्याकाळी अकराच्या अकरा जण एका बाजूला गेले. अण्णांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली, ती आम्हाला थोपटावी लागली.

घरी बसून शिकणाऱ्यांचे मात्र फोन यायला लागले. एकीच्या घरी टाकी संडासाच्या माळ्यावर. "मी वर जाऊ का?" असं तिने मला विचारलं. मला!

सावकाश आवृत्तीची जबाबदारीही अण्णांनीच घेतली. गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं, म्हणजे आठ आकडे चार सेकंदांत संपतात. निम्म्या वेगाने आठ सेकंद. तेवढं ठीक आहे. पण अण्णा मोजणार ते साखळी टाकल्यासारखं : "एऽऽक... थांबा, पाय बघू द्या... दोऽऽन." दोनला पाय मागे गेलेला, अंग तिरपं, आणि आकडा येत नाही. नेहमीच्या वेगात जो तोल पुढच्या पावलावर सोडून देता येतो तो इथे धरून ठेवावा लागतो. सावकाश करणं सोपं नाही, फक्त चूक कुठे होते ते दिसतं. माझी चारला होती. तीही अण्णांनीच जाहीर केली, सर्वांसमोर, "तुमचा भार पडतोय" अशा शब्दांत. माझी बायको हसली. ते मी विसरलेलो नाही.

काल रात्री कार्यक्रम. तालीम आम्ही गेटकडे तोंड करून करायचो, तेव्हा टाकी उजवीकडे. मांडववाल्याने स्टेज बांधलं ते गेटकडे पाठ करून. म्हणजे टाकी आता डावीकडे, तीही दिव्यांच्या माळा सोडून लखलखीत केलेली. वहिनी स्टेजखाली आमच्याकडे तोंड करून उभ्या राहून पायाने दाखवत होत्या. दहा जणांनी वहिनींकडे बघितलं. मी स्क्रिप्ट पाळली. एकला टाकीकडे निघालो आणि शेजारच्या ए विंगवाल्या वहिनी एकला माझ्याकडे निघाल्या. तीन पावलांत माणूस तीनेक फूट सरकतो, आमच्यात अंतर होतं दोन.

पहिल्या रांगेतून अण्णा उभे राहून ओरडले, "हेच बरोबर आहे! बाकीचे चुकताहेत!"

क्लिपमध्ये तो आवाजही आहे. सगळ्यांना तोच जास्त आवडलाय.

आज सकाळी मी ती क्लिप फोनवर आडवी उलटी करून पाहिली, म्हटलं बघू. पदर सगळ्यांचे उजव्या खांद्यावर गेले, टाकी आमच्या उजवीकडे आली. मी एकटाच टाकीकडे जातोय, आणि पाचला उडी मारतोय.