वीस मिनिटांच्या भाषणाची तयारी तेरा मिनिटांचीच करा

आपल्याकडे मेळाव्यात दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक झाल्यावर मुख्य वक्त्याच्या वाट्याला जो वेळ येतो, तो पत्रिकेवर छापल्याएवढा क्वचितच असतो. मग सूत्रसंचालकाची चिठ्ठी येते, वक्ता म्हणतो "दोनच मिनिटं", आणि उरलेल्या पंधरा स्लाइड सपासप पुढे सरकतात. ज्या माहितीसाठी लोक कामं टाकून आलेले असतात, ती नेमकी त्या पंधरांत असते. मला याचा मनापासून राग येतो. काय गाळायचं हे व्यासपीठावर चढायच्या आधीच ठरवता येतं.

तासगाव भागातल्या शेतकऱ्यांसमोर बेदाण्यावर बोलायला निघालेल्या एका कृषी पदवीधर मुलीची तयारी मी नुकतीच पाहिली. वेळ वीस मिनिटं, प्रश्नोत्तरांसह. त्यातली पाच प्रश्नांना ठेवली, राहिली पंधरा. त्यातली दोन मोकळी सोडली, कारण माइक खरखरतो, कोणीतरी मध्येच प्रश्न विचारतं. म्हणजे बोलायला तेरा.

मग तिला उभं राहून, मोठ्यानं, मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बोलायला सांगितलं. मनातल्या मनात वाचून वेळ मोजू नये. तो नेहमी कमी भरतो. प्रत्येक भाग संपला की घड्याळातला आकडा टिपला. बेदाण्याची ओळख आणि इतिहास पाच मिनिटं, घडातली साखर तीन, घड द्रावणात बुडवायचं डिपिंग सहा, बेदाणा वाळवायच्या शेडची बांधणी पाच, प्रतवारी तीन. एकूण बावीस.

"काका, जरा भरभर बोलले तर बसेल," ती म्हणाली. नाही बसणार. नऊ मिनिटं वेगानं भरून निघत नाहीत, आणि मागच्या रांगेतल्या माणसाला द्रावणाचं प्रमाण ऐकू गेलं नाही तर त्या भाषणाचा उपयोग काय? प्रत्येक भागातून थोडं थोडं कापणंही मला पटत नाही. त्यानं सगळंच अर्धवट कळतं, आणि ऐनवेळी अशी बारीक कात्री चालवता येत नाही. गाळायचा तर अख्खा तुकडा गाळावा.

कोणता, हे ठरवायला मी तिला एकच प्रश्न दिला : हे ऐकून शेतकरी येत्या हंगामात काही वेगळं करेल का? इतिहास ऐकून नाही करणार. शेड तर त्यातल्या बहुतेकांच्या दारात उभी आहे. पण डिपिंगचं तसं नाही. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो आतलं पाणी बाहेर येऊ देत नाही. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवले की त्या थरातून पाणी सुटायला वाट मिळते आणि माल लवकर वाळतो. का बुडवायचं हे समजलं तर माणूस प्रमाणात हयगय करत नाही. म्हणून डिपिंगला पाच मिनिटं ठेवली; फक्त दोनदा आलेलं एक उदाहरण काढलं. ओळख एक मिनिट, साखर तीन, शेड एक, प्रतवारी तीन. झाली तेरा.

पुढचं काम बहुतेक जण करत नाहीत. एका कार्डावर प्रत्येक भाग कितव्या मिनिटाला संपायला हवा ते लिहायचं : 1, 4, 9, 10, 13. आणि शेजारी उशीर झाला तर काय सोडायचं, तेही. डिपिंग संपताना नऊऐवजी अकरा मिनिटं झाली असतील तर शेड पूर्ण सोडून थेट प्रतवारीवर जायचं, चौदाला संपतं. कार्डावर लिहिलेलं नसेल तर त्या क्षणी सुचत नाही, कारण बोलणाऱ्याला आपलं प्रत्येक वाक्य लाखमोलाचं वाटत असतं.

संयोजकानं वेळ निम्म्यावर आणला तर? त्याचंही दुसऱ्या बाजूला लिहून ठेवलं : तीन मिनिटं प्रश्नांना, ओळख एक, डिपिंग चार, प्रतवारी एक, एक मोकळं. साखर एका वाक्यात. शेवटचं वाक्य मात्र दोन्ही बाजूंना तेच आणि पाठ. ते कधीच गाळायचं नाही.

पॉवरपॉइंटवाल्यांसाठी एक सूचना. `Rehearse Timings` वापरलंत तर प्रत्येक स्लाइडला किती वेळ गेला ते कळतं, पण ते टायमिंग सेव्ह केलंत आणि `Use Timings` ची खूण तशीच राहिली, तर कार्यक्रमात स्लाइड आपोआप पुढे पळतात. ती खूण काढा.

आणि गाळलेल्या स्लाइड पुसू नका. `Hide Slide` करा, त्यांचे नंबर कार्डावर लिहा. स्लाइड शो चालू असताना नंबर टाइप करून एंटर दाबलं की लपवलेली स्लाइडही समोर येते. शेडबद्दल कोणी विचारलंच तर तिचा नकाशा प्रश्नोत्तरांत दाखवता येतो, आणि तिथे तो विचारणाऱ्याच्या कामाचा असतो.