क्यूआर स्कॅन झाला म्हणजे टॉवेल ऑरगॅनिक झाला नाही

सोलापुरातल्या टॉवेल व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गॉट्स, म्हणजे ऑरगॅनिक कापडाच्या जागतिक मानकाच्या, सर्टिफिकेटबद्दल हा मेसेज फिरतो आहे:

«गॉट्सच्या सर्टिफिकेटवर क्यूआर असतो. मोबाईलनं स्कॅन करा, साइट उघडून कारखान्याचं नाव आलं की सर्टिफिकेट ओरिजिनल. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला मेल टाकत बसू नका, ते कुणाला उत्तर देत नाहीत. आणि एकदा कारखाना सर्टिफाइड म्हटल्यावर त्याचा सगळा माल सर्टिफाइडच.»

आधी क्यूआर. कोड छापणाऱ्यानं जो पत्ता त्यात भरलेला असतो, तोच तुमच्या मोबाईलवर उघडतो. कागद बनावट करणारा माणूस कोडही स्वतःच बनवतो. भारतात हे प्रत्यक्ष घडलं आहे. 2020 मध्ये गॉट्सनं जाहीर केलं की ऑरगॅनिक कापसाची खोटी ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट्स, म्हणजे विकलेल्या मालागणिक मिळणारे कागद, देशात फिरत होती आणि त्यांवरचे क्यूआर सरकारी संस्थेच्या वेबसाइटच्या हुबेहूब नकलेवर नेत होते. स्कॅन करणाऱ्याला सगळं बरोबर दिसत होतं. सुमारे 20,000 टन कापूस अशा मार्गानं ऑरगॅनिक ठरवला गेला असावा, असा गॉट्सचाच अंदाज होता. या कापसाचं पुढं सूत होतं आणि ते आपल्या मागांवर चढतं, म्हणून ही लांबची बातमी नाही.

कोड बाजूला ठेवा. ब्राउझरमध्ये global-standard.org हा पत्ता स्वतः टाइप करा, तिथल्या सर्टिफाइड पुरवठादारांच्या यादीत जा आणि सर्टिफिकेटवरचा लायसन्स नंबर घालून शोधा. नावानं शोधलं तर गोंधळ होतो. आपल्याकडं एकाच घरातल्या तीन फर्म असतात, नावात एका शब्दाचा फरक असतो आणि सर्टिफिकेट त्यांपैकी एकीचंच असतं. नाव, पत्ता आणि मुदत ही तिन्ही कागदाशी जुळली पाहिजेत. सर्टिफिकेट साधारण वर्षभराचं असतं, त्यामुळं जुन्या पीडीएफवर तारीख बदललेली असेल तर इथंच पकडली जाते.

आता मेलचं. उत्तर येत नाही असं म्हणणाऱ्यांनी मेल कुठं पाठवला होता, हे आधी विचारावं. कारखानदारानं दिलेल्या सर्टिफिकेटवर जो ईमेल छापलेला असतो त्यावर पाठवू नका. कागद खोटा असेल तर तो पत्ताही बनावट करणाऱ्याचाच असणार. गॉट्सच्या साइटवर मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थांची यादी आहे, तिथून त्या संस्थेचा पत्ता घ्या. गॉट्स स्वतः सर्टिफिकेट देत नाही, ते काम या संस्थांचं आहे, म्हणून विचारायचं त्यांनाच. दुसरी गोष्ट, «हे खरं आहे का बघा» एवढंच लिहिलं तर उत्तर लांबतं. मिळालेली पीडीएफ जोडा, सर्टिफिकेटचा नंबर विषयातच लिहा आणि नेमकं विचारा: हा नंबर तुम्ही याच नावाला आणि पत्त्याला दिला आहे का, आज तो चालू आहे की स्थगित किंवा रद्द, आणि जोडलेली प्रत तुमच्या मूळ प्रतीशी जुळते का. दुसऱ्याची इनव्हॉइसं किंवा ग्राहकांची नावं ते सांगणार नाहीत, तशी अपेक्षाही धरू नये. पण स्वतःच्या सहीचा कागद खरा की खोटा, हे सांगण्यात त्यांचाही स्वार्थ असतो.

तिसरा मुद्दा सगळ्यांत घातक आहे, कारण इथं कुणी खोटं बोललेलं नसतानाही माणूस फसतो. कारखान्याला मिळतं ते स्कोप सर्टिफिकेट. त्याचा अर्थ एवढाच की हा कारखाना ठरावीक कामं गॉट्सच्या नियमानं करू शकतो. पाठवलेला माल सर्टिफाइड असल्याचा हा पुरावा नाही, असं त्या सर्टिफिकेटवरच लिहिलेलं असतं. तेवढी ओळ कुणी वाचत नाही. मालाचा पुरावा म्हणजे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, आपल्या बोलीत टीसी.

मी टॉवेल निर्यातीच्या कागदपत्रांचं काम बघतो. माझ्याकडं आलेली एक केस सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याकडून व्यापाऱ्यानं रंगीत टॉवेल ठरवले होते: 2,000 नग, नगाला 450 ग्रॅम, म्हणजे 900 किलो. कारखानदारानं सर्टिफिकेट पाठवलं. लायसन्स नंबर यादीत सापडला. नाव, पत्ता, मुदत, सगळं जुळत होतं. व्यापारी म्हणाला, «साहेब, आता काय राहिलं?» मी पीडीएफच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं «4 पैकी पान 1» असं छापलेलं होतं आणि आमच्याकडं पान एकच होतं.

उरलेली पानं म्हणजे परिशिष्टं. कोणता माल, कोणत्या जागी, कोणती प्रक्रिया, हे सगळं तिथं असतं. कारखानदाराला फोन केला तर «अहो, बाकीची पानं नुसती फॉर्मॅलिटी आहेत» असं उत्तर मिळालं. मग पहिलं पान जोडून प्रमाणन संस्थेला मेल केला आणि विचारलं की या सर्टिफिकेटखाली डाइंगचं काम कोणत्या युनिटमध्ये मंजूर आहे. उत्तर आलं: सर्टिफिकेट खरं आहे, चालू आहे, पण त्यात विणकाम आणि शिलाई एवढंच आहे. डाइंग नाही, बाहेरचं कुठलं प्रोसेस हाउसही नोंदलेलं नाही.

सोलापुरात माग एकाचा आणि डाइंग दुसऱ्याकडं, ही रोजची रीत आहे. त्यात गैर काही नाही. पण गॉट्समध्ये सुतापासून पॅकिंगपर्यंतची प्रत्येक पायरी सर्टिफिकेटखाली यावी लागते, आणि डाइंग तर रसायनांमुळं सगळ्यांत कडक तपासली जाणारी पायरी. साखळी तिथं तुटली की आधीचं सूत कितीही अस्सल ऑरगॅनिक असो, त्या रंगीत टॉवेलवर गॉट्सचं लेबल लावता येत नाही आणि त्याचा टीसीही निघत नाही. हे टॉवेल लेबल लावून गेले असते, तर परदेशातल्या ग्राहकानं टीसी मागितल्यावर अडकला असता तो व्यापारी. त्यानं शेवटी ऑर्डर साध्या टॉवेलच्या भावानं केली, लेबलाशिवाय.

टीसी हातात आला तरी वाचून घ्या. विकणारा कोण, घेणारा कोण, इनव्हॉइस नंबर कोणता आणि वजन किती, हे त्यावर असतं. तुमचं बिल 900 किलोचं आणि टीसीवर 300 किलो, तर उरलेल्या 600 किलोला कागद नाही. घेणाऱ्याच्या जागी दुसऱ्याच फर्मचं नाव असेल तर तो टीसी तुमच्या मालाचा नाही. टीसीचा नंबरही त्याच संस्थेकडून मेलवर पडताळून घ्या, कारण 2020 मध्ये खोटे निघाले ते टीसीच होते.

एक मर्यादा स्पष्ट सांगतो. संस्था कागदाची खात्री देते, तुमच्या गोदामातल्या गाठोड्याची नाही. खऱ्या टीसीबरोबर दुसराच माल पाठवणारेही असतात. मोठी ऑर्डर असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचा खर्च वेगळा धरावा.

टीसी सहसा माल निघाल्यानंतर, विकणाऱ्याच्या अर्जावर निघतो, त्यामुळं तो ऑर्डर देतानाच मागून उपयोग नाही. म्हणून खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्या: स्कोप सर्टिफिकेटची सगळी पानं आगाऊ रकमेच्या आधी, आणि रकमेचा शेवटचा हप्ता आमच्या नावाचा, पूर्ण वजनाचा टीसी मिळून संस्थेकडून पडताळल्यावर. ज्याचा माल खरा आहे तो कारखानदार यावर फार तर हप्त्याच्या टक्क्यावरून घासाघीस करतो, अटीला नाही म्हणत नाही.