वडिलांच्या दुकानाचे ग्रुप सीईओ कसे व्हावे

मिरज-सांगली रस्त्यावर वडिलांचं पाइप-फिटिंगचं दुकान आहे, बी.कॉम. झाल्यापासून तुम्ही तिथे सहा वर्षं बसलात, आणि आता पुण्यातल्या कंपनीत नोकरी हवी आहे. अडचण एकच: बायोडेटात काय लिहायचं? ‘दुकानात बसतो’ असं लिहिलं तर कोणी विचारणार नाही, आणि दुकानात बसून नेमकं काय केलं हे लिहायला डोक्याला ताप. तेव्हा सोपा मार्ग धरा. हुद्दा मोठा घ्या.

किती मोठा? संकोच करू नका. ‘मॅनेजर’ तर कोणीही असतो. तुम्ही थेट ‘डायरेक्टर’ व्हा, आणि आप्पांचं मागच्या गल्लीत गोडाऊन असेल तर ‘ग्रुप सीईओ’. गोडाऊन धरून दोन आस्थापना होतात, म्हणजे ग्रुप झालाच की!

आता एक किरकोळ बाब. आप्पांचं दुकान प्रोप्रायटरी आहे. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला कायद्याने डायरेक्टर नसतोच. डायरेक्टर कंपनीला असतो, त्याला सरकार वेगळा नंबर देतं आणि त्याचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या दप्तरी असतं. पण एवढं कोण बघतंय, असं म्हणून तुम्ही पुढे चला. बघणारा मात्र फार काही करत नाही. तुम्हीच अभिमानाने जोडलेल्या लेटरहेडवरचा जीएसटी नंबर तो वाचतो. पहिले दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्र. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे अख्ख्या नंबरातलं सहावं, ‘पी’ असलं तर तो पॅन एका व्यक्तीचा, ‘एफ’ असलं तर भागीदारी फर्मचा, ‘सी’ असलं तर कंपनीचा. तुमच्या लेटरहेडवर ‘पी’ आहे. खात्री करायची झाली तर जीएसटीच्या संकेतस्थळावर तोच नंबर टाकला की लॉगिन न करता धंद्याचा प्रकार, नोंदणीची तारीख आणि मालकाचं कायदेशीर नाव समोर येतं. मालक आप्पा. ग्रुप सीईओंचं नाव कुठेच नाही.

हुद्दा झाला, आता कागदपत्रं. नेमणूकपत्र लागणार. ते आजच संगणकावर करा आणि तारीख मागची टाका. एका होतकरू उमेदवाराने जून २०१६ चं नेमणूकपत्र जोडलं होतं, वर जीएसटी नंबरासकट. जीएसटी देशात लागू झाला १ जुलै २०१७ ला. त्याच्या वडिलांची दूरदृष्टी सरकारपेक्षा वर्षभर पुढे होती, एवढाच त्याचा अर्थ.

मग पगाराच्या स्लिपा. आप्पा तुम्हाला पगार देत नाहीत; लागतील तसे गल्ल्यातून घेता, आणि मोटरसायकलचा हप्ता दुकानाच्या खात्यातून जातो. हे खरं लिहायला लाज वाटते, म्हणून बारा स्लिपा छापा. खऱ्या वाटाव्यात म्हणून त्यात दरमहा १,८०० रुपये पीएफ कापलेला दाखवा. हा या लेखातला सर्वांत मोलाचा सल्ला समजा. कारण दुकानात कामगार चार, आणि पीएफचा कायदा साधारणपणे २० किंवा त्याहून जास्त माणसं असली की लागू होतो. म्हणजे स्लिपच नसती, तर ‘छोटा घरचा धंदा, पीएफ लागू नाही’ एवढ्यावर विषय संपला असता. पण तुम्ही कापून दाखवलात, त्यामुळे आता पडताळणीवाली बाई तुमचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, मागणार. तो नाही. मग बँकेचं स्टेटमेंट मागणार. त्यात पगार जमा नाही. एका नसलेल्या कपातीने सहा वर्षांचं खरं काम खोटं ठरवलं. याला म्हणतात नियोजन.

संदर्भासाठी दोन नावं मागतात. पहिलं आप्पांचं द्या, दुसरं काकांचं. तिघांचं आडनाव एकच असणं हा निव्वळ योगायोग आहे, हे कोणालाही पटेल. फोन आला की काका गल्ल्यावरूनच उचलतील: “कोण पायजे? बाळ्या? असतोय की दुकानात. सकाळी जरा उशिरा येतोय, पण पोरगं प्रामाणिक हाय.” सहा वर्षांत तुमच्याबद्दल कोणी केलेलं हे सर्वांत विश्वासार्ह विधान, आणि नेमकं तेच ‘ग्रुप सीईओ’ला मारक!

काही माणसांची नावं मात्र चुकूनही देऊ नका. दर महिन्याला स्कीमच्या क्रेडिट नोटवरून ज्याच्याशी तुम्ही वाद घातलात तो पाइप कंपनीचा सेल्स ऑफिसर. टॅलीचा बॅकअप ज्यांना तुम्ही वेळेवर पाठवत आलात ते सीए. साठ फ्लॅटच्या कामाचा माल तुमच्याकडून उचलणारा ठेकेदार. ही मंडळी तुमची कोणी लागत नाहीत, आणि तुम्ही काय करत होतात हे त्यांना नेमकं ठाऊक आहे. असल्या लोकांचा काय भरवसा?

आता जबाबदाऱ्या. इथे शब्द जेवढे गुळगुळीत तेवढं बरं. ‘धोरणात्मक नेतृत्व’, ‘सर्वांगीण व्यवसायवृद्धी’, ‘संपूर्ण कामकाजावर देखरेख’. वाचणाऱ्याला तुम्ही पाइप विकत होतात की उपग्रह सोडत होतात, हे कळता कामा नये. आकडे तर अजिबात नकोत. आकडा दिला की दुकान केवढं ते कळतं.

समजा तुम्ही मूर्खपणा करून खरं लिहायला बसलात, तर काय होईल ते बघा. दुकानाची वर्षाची विक्री जीएसटीसकट २ कोटी १९ लाख, आणि जवळजवळ सगळी उधारीची. म्हणजे दिवसाला ६०,००० रुपयांचा माल जातो. तुम्ही वसुली हातात घेतलीत तेव्हा बाजारात येणं होतं ४२ लाख. भागाकार केला की ७० दिवस. म्हणजे आज दिलेल्या एल्बोचे पैसे सरासरी सत्तर दिवसांनी येत होते आणि कंपनीचं बिल तोवर कधीच भरायचं झालेलं असायचं. आप्पा फरक ओव्हरड्राफ्टमधून भागवत होते आणि व्याज भरत होते.

तुम्ही काय केलंत? प्रत्येक प्लंबर-ठेकेदाराला उधारीची मर्यादा बांधली. दर शनिवारी प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर खातेउतारा पाठवायला लागलात. साठ दिवसांपुढचं बिल असलं की नवा माल रोखीनेच, हा नियम केला, आणि आप्पांच्या शाळेतल्या मित्रालाही तो लावला. त्यावरून घरात आठवडाभर कोणी तुमच्याशी धड बोललं नाही. दीड वर्षाने येणं २७ लाखांवर आलं, विक्री तेवढीच. सत्तावीस लाखांना साठ हजारांनी भागा: ४५ दिवस. पंधरा लाख रुपये बाजारातून परत आले.

कोणत्याही वितरण कंपनीत या कामाला खातं असतं, माणूस असतो आणि त्याला चांगला पगार असतो. पण हे लिहायचं म्हणजे ‘२ कोटी १९ लाख’ आणि ‘४ कामगार’ हेही लिहावं लागणार, आणि मग ग्रुप कुठे राहिला? शिवाय त्यावर मुलाखतीत प्रश्न येतील आणि तुम्हाला त्यांची उत्तरं येतील, ही आणखी पंचाईत. त्यापेक्षा ‘आर्थिक शिस्तीचे शिल्पकार’ लिहा आणि पुढच्या ओळीवर जा.

मुलाखतीत अनुभवी माणूस हुद्द्याबद्दल विचारतच नाही. तो विचारतो, “वडिलांना न विचारता तुम्ही किती रुपयांपर्यंत उधारी देऊ शकत होता?” सीईओ म्हटल्यावर उत्तर कोटीत हवं. तुमचं खरं उत्तर पंचवीस हजार. मग तो विचारणार, “चेकवर सही कोणाची?” आप्पांची. “नोकर कोण ठेवायचं, काढायचं?” ठेवायचं तुम्ही, काढायचं आप्पांनी, आणि काढलेला दुसऱ्या दिवशी आईकडे रडून परत यायचा. ‘ऑपरेशन्स मॅनेजर, कौटुंबिक व्यवसाय, मालक (वडील) यांच्या हाताखाली, खरेदी, साठा व वसुलीची जबाबदारी, पंचवीस हजारांपर्यंत उधारीचा अधिकार’ असं लिहिलं असतं, तर यातलं एकही उत्तर तोंडघशी पाडणारं नव्हतं. पण त्यात रुबाब नाही. वडील साहेब आहेत हे झाकणं महत्त्वाचं. म्हणून ‘संचालक मंडळाला जबाबदार’ लिहा. संचालक मंडळ म्हणजे आप्पा, आणि रविवारी जेवताना आई.

उलटा मार्गही आहे, आणि तो घरातल्या बायकांसाठी राखून ठेवलेला आहे. त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर वहिनी सहा वर्षं टॅलीत नोंदी करतात. दर महिन्याच्या अकरा तारखेच्या आत विक्रीचं रिटर्न, वीस तारखेच्या आत करभरणा, आणि मधल्या दिवसांत कोणत्या सप्लायरने आपलं बिल चढवलं नाही ते जीएसटीच्या 2B या खरेदी-उताऱ्याशी ताडून त्याला फोन. त्या फोनमुळे खरेदीवर भरलेल्या कराचा अडकलेला क्रेडिट सुटतो. वहिनींनी बायोडेटा केला तेव्हा या सहा वर्षांपुढे लिहिलं: ‘गृहिणी, करिअरमध्ये खंड’. घरात त्यावर कोणाला काही खटकलं नाही. ज्याने रिटर्नचा पासवर्ड आजवर पाहिला नाही तो सीईओ, आणि जिला तो पाठ आहे तिचा खंड. पगार तर दोघांनाही नव्हता. तेव्हा फरक कशाने पडला, हे विचारून घरातली शांतता घालवू नका.

एवढं सगळं करून नोकरी मिळालीच, तर शेवटचा एक कागद उरतो: रिलीव्हिंग लेटर. कंपनी म्हणेल पंधरा मार्चला रुजू व्हा. हे पत्र मात्र बनावट करता येत नाही, कारण त्यावर आप्पांची सही लागते आणि आप्पा सही करायच्या आधी वाचतात. चष्मा लावून ते ‘ग्रुप सीईओ’पर्यंत येतील, तिथे थांबतील, आणि काही न बोलता पुढे वाचतील. मग पेन बाजूला ठेवून विचारतील, “आणि एकतीस मार्चला गोडाऊनचे नग कोण मोजणार?”