‘4G+ म्हणजे नुसतं नाटक’ : एका फॉरवर्डचा हिशोब

“विसर्जन मिरवणुकीत 4G+ दिसत होतं, काड्या फुल होत्या, तरी एक व्हिडिओ हलेना. 4G+ म्हणजे नुसतं मार्केटिंग. म्हणे फोन दोन टॉवरना एकदम जोडतो! टॉवरवर अँटेना वाढवले तर रेडिएशन वाढतं, स्पीड नाही. काड्या फुल असून नेट चालत नसेल तर कंपनी मुद्दाम दाबते. पटलं तर पुढे पाठवा.”

काड्यांचं आधी घेतो, ते पटकन उरकतं. टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतोय, एवढंच काड्या दाखवतात. त्याच टॉवरवर आणखी किती फोन आहेत, हे त्यात कुठंच येत नाही. बेळगावात मिरवणूक कपिलेश्वर तलावाकडे सरकते तेव्हा टॉवरचा जोर तेवढाच असतो, वाटेकरी वाढतात. शिवाय शेजारचे टॉवरही त्या वेळी पूर्ण भरून चाललेले असतात आणि त्यांच्या लहरी आपल्या सिग्नलमध्ये मिसळतात. काड्या जागच्या जागी, सिग्नलची शुद्धता मात्र घसरलेली. स्पीड पडायला एवढं पुरतं. (दिवसाचा डेटा संपल्यावर कंपनी स्पीड खरंच कमी करते, पण ते प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं.)

आता दोन टॉवरचं. 4G+ मागचं तंत्र म्हणजे कॅरिअर अ‍ॅग्रिगेशन, कॅरिअरची जोडणी. त्यात बहुतेक वेळा टॉवर एकच असतो, फोन त्याच्या दोन किंवा जास्त बँडवरून, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवरून, एकाच वेळी डेटा घेतो. उदाहरणार्थ, १८०० आणि २१०० मेगाहर्ट्झ. बँडमधला कंपनीच्या वापराचा एक सलग तुकडा म्हणजे कॅरिअर. ४जीमध्ये एका कॅरिअरची रुंदी जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ असते. २०११च्या सुमारास ठरलेल्या एलटीई-अ‍ॅडव्हान्स्ड या ४जीच्या पुढच्या पायरीच्या नियमांत असे पाच कॅरिअर जोडायची मुभा आली.

गर्दीत याचा उपयोग किती, हे एक हिशोब मांडल्याशिवाय कळत नाही. आकडे सोयीसाठी घेतलेत. एका टॉवरच्या एका बाजूला १०-१० मेगाहर्ट्झचे दोन कॅरिअर आहेत आणि खऱ्या परिस्थितीत प्रत्येकातून ४० एमबीपीएस निघतात. पंचवीस फोन एकाच वेळी डेटा मागतायत, त्यातले वीस पहिल्या कॅरिअरवर आणि पाच दुसऱ्यावर. जोडणी नसेल तर पहिल्यावरच्यांना प्रत्येकी २ एमबीपीएस आणि दुसऱ्यावरच्यांना ८. शेजारी उभ्या दोघांत एकाचा व्हिडिओ चालतो, दुसऱ्याचा फिरत राहतो, तो याच कारणानं. आता सगळ्यांना दोन्ही कॅरिअर वापरता आले, तर ८० एमबीपीएस पंचवीस जणांत जातात, म्हणजे प्रत्येकी ३.२.

टॉवरची एकूण क्षमता ८० होती, ८०च राहिली. फॉरवर्डवाल्याच्या रागात तथ्य आहे ते एवढंच: कॅरिअर अ‍ॅग्रिगेशन नवं स्पेक्ट्रम तयार करत नाही, आहे ते नीट वाटतं. दोन्ही कॅरिअर काठोकाठ भरले की 4G+ असो वा नसो, वाट्याला येणार ते थोडंच. पण गर्दीतसुद्धा सगळे फोन सतत डेटा ओढत नसतात. फोटो उघडला, क्षणभर ओढला, मग थांबला. टॉवर दर मिलिसेकंदाला ठरवतो की आता कुणाला किती द्यायचं. १६ मेगाबाइटची क्लिप म्हणजे १२८ मेगाबिट. दोन्ही कॅरिअर क्षणभर मोकळे मिळाले तर ती १.६ सेकंदात उतरते, एकावर ३.२ सेकंद लागतात. लवकर उतरली म्हणजे पुढच्याला जागाही लवकर मोकळी झाली. खरा फायदा या मधल्या मोकळ्या क्षणांत आहे, आणि मिरवणूक शिगेला पोचते तेव्हा तेच क्षण उरत नाहीत.

आणखी एक गोष्ट फॉरवर्डमध्ये राहून गेली. ४जीमधली ही जोडणी बहुतेक ठिकाणी फक्त डाउनलोडसाठी असते. मिरवणुकीतून लाइव्ह करणाऱ्याचं काम अपलोडचं, आणि ते साधारण एकाच कॅरिअरवरून चालतं. त्यात फोनची सिग्नल पाठवायची ताकद जास्तीत जास्त वॉटच्या पाचव्या हिश्श्याएवढी. तेव्हा 4G+ दिसत असताना लाइव्ह अडकलं यात नवल नाही.

अँटेनाची गोष्ट वेगळी, कारण तेवढ्याच स्पेक्ट्रममधून जास्त डेटा काढायचा रस्ता तिथंच आहे. टॉवरवर दोन आणि फोनमध्ये दोन अँटेना असले तर एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन वेगळे प्रवाह पाठवता येतात. २० मेगाहर्ट्झच्या एका कॅरिअरवर ४जीचा कागदावरचा कमाल वेग १५० एमबीपीएस धरतात, तो असे दोन प्रवाह धरूनच. एका प्रवाहाचे निम्मे, ७५. भिंतींवर आपटून लहरी वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि फोन त्या फरकावरून प्रवाह सुटे करतो. म्हणून खडेबाजारच्या इमारतींमध्ये हे जमण्याची शक्यता मोकळ्या माळापेक्षा जास्त. मात्र सिग्नल शुद्ध पाहिजे. गोंगाट वाढला की टॉवर मुकाट्यानं एका प्रवाहावर येतो. तेव्हाही फोनमधले जादा अँटेना वाया जात नाहीत, सगळ्यांनी मिळून पकडलेला सिग्नल जास्त स्वच्छ असतो.

५जीच्या ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या बँडवर याची पुढची पायरी दिसते. जाड चौकोनी पॅनेलमध्ये स्वतंत्रपणे चालवता येणारे ३२ किंवा ६४ अँटेना-गट असतात, आणि टॉवर वेगवेगळ्या दिशांच्या फोनना एकाच वेळी, त्याच फ्रिक्वेन्सीवर वेगळे झोत देतो. गर्दीवर खरं औषध हेच. याला मर्यादा आहे ती जागेची: गणपत गल्लीसारख्या अरुंद ठिकाणी टॉवरच्या नजरेनं सगळे एकाच दिशेला, मागेपुढे उभे असतील, तर झोत वेगळे करणं अवघड. मैदानात पसरलेल्या लोकांसाठी ते सोपं.

रेडिएशनचं थोडक्यात. अँटेना वाढले म्हणून ताकद आपोआप वाढत नाही, ती अँटेनांमध्ये वाटली जाते. कंपनीनं एकूण ताकद वाढवली तर वाढते, आणि त्या एकूणवर सरकारी मर्यादा आहे. खालून डबे मोजूनही काही कळत नाही, एकाच पॅनेलमध्ये तिरपे-आडवे कितीतरी अँटेना बसवलेले असतात.

सीमाभागाची एक गंमत वेगळीच. स्पेक्ट्रमचा लिलाव सर्कलनुसार होतो. कर्नाटक एक सर्कल, महाराष्ट्र दुसरं आणि गोवा त्यातच. बेळगावहून शिनोळीकडे गेलात किंवा निपाणीहून कोगनोळी नाका ओलांडलात की कंपनी तीच, पण तिच्याकडचे बँड आणि त्यांची रुंदी वेगळी असू शकते. चार किलोमीटरवर 4G+ चं नुसतं 4G झालं तर आधी हे तपासा.

तपासायचं कसं? बऱ्याच अँड्रॉइड फोनवर डायलरमध्ये `*#*#4636#*#*` टाका आणि येणाऱ्या यादीतून फोनची माहिती, म्हणजे Phone information, उघडा (काही कंपन्यांनी हे बंद ठेवलंय). एखादा व्हिडिओ उतरत असतानाच बघा, कारण डेटा वाहत नसेल तर टॉवर दुसरा कॅरिअर सोडून देतो. `PrimaryServing` सोबत `SecondaryServing` अशी ओळ दिसली तर जोडणी खरंच चालू आहे. वरचं 4G+ हे चिन्ह तितकं भरवशाचं नाही, काही फोन ते नुसत्या शक्यतेवरही दाखवतात. ओळ दिसूनही स्पीड नसेल, तर त्याच जागी पहाटे पुन्हा बघा. पहाटे वेग चांगला आला तर अडचण गर्दीची. पहाटेही तसाच रखडला, तर संशय टॉवरपासून मागे कंपनीच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या लाइनवर घ्या. ती अरुंद असेल तर वर कितीही कॅरिअर जोडा आणि कितीही अँटेना लावा, फोनला तेवढंच मिळणार.